चिठ्ठीवाचून अडते ते बिल

संध्याकाळी सातच्या सुमारास कुठल्याही मध्यम इस्पितळाच्या जिन्यात उभे राहा. हातात कागदाचा चतकोर तुकडा घेऊन कुणीतरी घाईघाईने खाली उतरताना दिसेल. सिस्टरने नुकतीच दिलेली ती चिठ्ठी असते. तिच्यावर तीन इंजेक्शने, दोन सलाईनच्या बाटल्या आणि एक आयव्ही सेट एवढेच लिहिलेले असते. रुग्णाचे नाव नाही, तारीख नाही, डॉक्टरांची सही नाही. चिठ्ठी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाते, औषधे वर येतात आणि चिठ्ठी बहुधा दुकानाच्या काउंटरवरच राहते. रुग्ण बरा होतो, घरी जातो. मग पंधरा-वीस दिवसांनी विमा कंपनीचे पत्र येते : ‘सोबतच्या औषधांच्या बिलांना डॉक्टरांचे प्रिस्क्रिप्शन जोडलेले नाही. सबब रक्कम वजा.’

हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. कागद नीट ठेवले असते तर पैसे मिळाले असते, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण जरा खोलात गेले की ध्यानात येते की, औषध कुठून घ्यायचे हे ठरवण्याचा रुग्णाचा हक्कच या चतकोर कागदावर लटकलेला आहे. इस्पितळातल्या दुकानातून घेतलेल्या औषधाला कुणी चिठ्ठी मागत नाही. ते एकत्रित बिलात आपोआप येते आणि आपोआप मंजूर होते. बाहेरून स्वस्तात आणलेल्या औषधाचा मात्र पदोपदी पुरावा द्यावा लागतो. मग माणूस साहजिकच म्हणतो, कशाला ही यातायात? घेऊ इथेच, जो भाव असेल तो.

तो भाव काय असतो, याचा अंदाज २०१८ साली आला. राष्ट्रीय औषध मूल्य नियंत्रण प्राधिकरणाने दिल्ली परिसरातील चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा सतराशे टक्क्यांच्याही वर गेलेला आढळला. यात छापील किंमत ओलांडलेली असतेच असे नाही. गोम अशी की, छापील किंमतच मुळात फुगवलेली असते. रुग्णालय घाऊक भावात घेते आणि छापील भावाने विकते. कोपऱ्यावरचा दुकानदार निदान दहा-पंधरा टक्के सूट तरी देतो.

हक्काबद्दल म्हणाल, तर तो कागदावर आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत औषध व तपासणी कुठून करून घ्यायची हे निवडण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयांच्या या सक्तीविरुद्धची याचिका निकाली काढली. न्यायालयाने सरसकट आदेश न देता धोरण ठरवण्याचे काम राज्य सरकारांवर सोपवले. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, ‘येथूनच औषधे घेणे बंधनकारक नाही’ अशा आशयाचे फलक रुग्णालयांच्या औषध दुकानांत लावण्यास सांगितले. फलक लागला हे चांगलेच झाले. पण विम्याच्या खिडकीवर बाहेरची पावती परत येत असेल, तर तो फलक नुसता वाचायचा.

विमा कंपनी पाहते तरी काय?

कंपनीच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. बाहेरच्या दुकानाचे बिल हा फार सोयीचा कागद आहे. घरातल्या सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलाचा खोकल्याचा पातळ डोस, एवढेच काय टूथपेस्टसुद्धा त्यात बसते. रुग्णाच्या नावाने बिल काढून औषध न घेण्याचे प्रकारही घडतात. तेव्हा कंपनीने तपासावे यात गैर काही नाही. ही तपासणी कशी होते हे मात्र रुग्णाला कुणी सांगत नाही.

औषधाच्या बाबतीत तीन कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले जातात. पहिला, डॉक्टरांची चिठ्ठी. दुसरा, दुकानदाराचे बिल. तिसरा कागद आपल्या हातात कधीच नसतो. तो म्हणजे इस्पितळातल्या इनडोअर केस पेपरांतला उपचारतक्ता. कुठले औषध, किती, किती वाजता दिले, हे सिस्टर त्यात लिहून सही करते. चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, तारीख, औषधाचे नाव व संख्या, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. बिलावर तेच रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव, बिल क्रमांक, तारीख, बॅच नंबर, मुदत आणि दुकानाचा परवाना क्रमांक हवा. आणि दोन्हींतली औषधे तक्त्यात सापडायला हवीत. तिन्ही जुळले की प्रश्न मिटला.

तपासणीच्या बाबतीतही असेच त्रिकूट आहे : डॉक्टरांनी तपासणी सांगितल्याचा कागद, तपासणीचा रिपोर्ट आणि बिल. इथे एक बारीकशी गोष्ट अनेकांना नडते. लॅबोरेटरीत नाव नोंदवताना ‘डॉक्टर कोण?’ असे विचारतात. रात्रीच्या गडबडीत नातेवाईक काहीतरी पुटपुटतो आणि रिपोर्टवर डॉक्टरांच्या नावाच्या रकान्यात ‘सेल्फ’ असे छापून येते. ‘सेल्फ’ म्हणजे रुग्ण स्वतःच्या मनाने तपासणी करून आला. विमा कंपनीच्या लेखी त्याचा उपचाराशी संबंधच उरत नाही. एका शब्दापायी हजारभर रुपये जातात.

बिलाबद्दलही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. ‘एस्टिमेट’ असे लिहिलेला कच्चा कागद किंवा मोबाईलवरून पैसे भरल्याचा संदेश हे बिल नव्हे. पैसे दिल्याचा तो पुरावा झाला, काय घेतले त्याचा नव्हे. आणि आजकालची यंत्रातून निघणारी गुळगुळीत कागदाची बिले काही आठवड्यांत पुसट होऊन कोरी पडतात. अशा बिलाची झेरॉक्स किंवा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा, मूळ बिलही जपावे.

एका क्लेमची गोष्ट

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते ते एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण कल्पित आहे आणि आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण त्यातली प्रत्येक कपात नेहमीची आहे.

समजा, मिरजेतल्या एका वीस खाटांच्या इस्पितळात अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ स्वादुपिंडाला सूज आली म्हणून दाखल झाले. नऊ दिवस राहिले. इस्पितळाला स्वतःचे औषध दुकान नाही, सीटी स्कॅनचे यंत्र नाही. मुलगाच धावपळ करीत होता. घरी आल्यावर त्याने हिशेब मांडला. इस्पितळाचे बिल ५८,४०० रुपये, बाहेरच्या औषधांची अकरा बिले मिळून ३१,२६० रुपये, पोटाचा सीटी स्कॅन ६,५०० रुपये आणि लॅबोरेटरीची चार बिले मिळून ५,८४० रुपये. एकूण एक लाख दोन हजार. म्हणजे दर शंभर रुपयांतले त्रेचाळीस रुपये इस्पितळाच्या बाहेर खर्च झाले होते. लहान गावांत आणि लहान इस्पितळांत असे प्रमाण मुळीच नवलाचे नाही.

कंपनीने १६,४९० रुपये कापले. सोबत कपातीचा तक्ता होता. हा तक्ता फार महत्त्वाचा असतो. बहुतेक लोक शेवटची रक्कम पाहतात, चरफडतात आणि कागद घडी करून ठेवतात. मुलाने मात्र तो ओळीने वाचला.

पहिली ओळ सीटी स्कॅनची, ६,५०० रुपये. कारण : बिलावर रुग्णाचे नाव नाही. वेळ ठरवायला फोन मुलाने केला होता, म्हणून पावती मुलाच्या नावावर निघाली होती. पण रिपोर्टवर वडिलांचे नाव, वय आणि तीच तारीख होती. त्याने स्कॅन सेंटरमध्ये जाऊन दुरुस्त बिल आणि ‘ही तपासणी अमुक रुग्णाची आहे’ असे लेटरहेडवर पत्र घेतले. दुसरी ओळ लायपेज या रक्ततपासणीची, १,४५० रुपये. रिपोर्ट जोडला नव्हता आणि डॉक्टरांची सूचनाही नव्हती. लॅबोरेटरीने रिपोर्टची दुसरी प्रत दिली. डॉक्टरांनी दोन ओळींचे पत्र दिले. स्वादुपिंडाच्या आजारात ही तपासणी प्राथमिकच असल्याने त्यावर वाद झाला नाही.

तिसरी ओळ दोन औषध बिलांची, मिळून ४,१८० रुपये. दोन्हींवर रुग्णाच्या नावाच्या जागी ‘कॅश’ असे होते आणि चिठ्ठ्या हरवल्या होत्या. यातले एक बिल २,९८० रुपयांचे. त्यात मेरोपेनेम हे प्रतिजैविक होते. आता एक गोष्ट सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसते. तिसऱ्या पिढीच्या आणि त्यापुढच्या अनेक प्रतिजैविकांना औषध नियमांतले ‘एच-१’ परिशिष्ट लागू आहे. हे २०१४ सालापासून अमलात आले. या परिशिष्टातले औषध विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची स्वतंत्र वहीत नोंद करायची असते आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. म्हणजे आपली चिठ्ठी हरवली तरी तिचा माग दुकानात असतो. मुलाने दुकानदाराकडून त्या नोंदीची सहीशिक्क्याची प्रत घेतली, डॉक्टरांकडून उपचारतक्त्याच्या त्या पानाची प्रत घेतली, आणि ही रक्कम सुटली. दुसरे बिल १,२०० रुपयांचे. त्यात साधी सलाईन आणि सुया होत्या. त्यांची अशी नोंद कुठेच नसते. ती रक्कम बुडाली.

चौथी ओळ २,४०० रुपयांची. मेरोपेनेमच्या एकूण चोवीस बाटल्यांची बिले होती, प्रत्येकी ६०० रुपये. उपचारतक्त्यात मात्र वीसच डोस दिल्याची नोंद. शेवटी औषध बदलल्यावर उरलेल्या चार बाटल्या दुकानात परत दिल्या होत्या आणि दुकानदाराने त्या पुढच्या खरेदीत वळत्या करून घेतल्या होत्या. ही कपात न्याय्यच म्हटली पाहिजे. वापरलेल्या औषधाचेच पैसे मागायचे असतात. औषध परत केले की त्याची क्रेडिट नोट घ्यावी आणि ती क्लेमला आपणहून जोडावी. त्याने रक्कम तेवढी कमी होते, पण बाकीच्या बिलांवरचा संशय जातो.

पाचवी ओळ १,९६० रुपयांची : हातमोजे, मास्क, प्रौढांचे डायपर. विमा नियामकाने न देण्याच्या वस्तूंची अडुसष्ट नावांची यादीच केलेली आहे आणि ती बहुतेक पॉलिसींच्या शेवटी जोडलेली असते. वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर या वस्तूंचे पैसे मिळत नाहीत, मग त्या आतून घ्या की बाहेरून. याच यादीत ‘तपशील न दिलेले कोणतेही किट’ अशी एक नोंद आहे. म्हणून बिलावर ‘सर्जिकल किट १’ असे मोघम न लिहिता आतल्या वस्तू वेगवेगळ्या लिहून घेतल्या, तर त्यांतल्या देय वस्तू तरी वाचतात.

शेवटी १६,४९० पैकी १०,९३० रुपये परत मिळाले, ५,५६० गेले. त्यातले ४,३६० रुपये नियमाने जायचेच होते. बाराशे रुपये मात्र जायला नको होते. ती सलाईन रुग्णाच्या शिरेतून गेलेली होती, तक्त्यात तिची वेळ लिहिलेली होती, खाली सिस्टरची सही होती. नव्हता तो फक्त चतकोर कागद. शिवाय परत मिळालेल्या रकमेसाठी मुलाला स्कॅन सेंटर, लॅबोरेटरी, मेडिकल आणि डॉक्टर असे चार उंबरे झिजवावे लागले. तेवढी उसंत आणि चिकाटी नसलेल्या माणसाचे सगळेच बुडतात.

कॅशलेसमध्ये काय होते?

कॅशलेस असेल तर ही कटकट नाही, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. कॅशलेसमध्ये इस्पितळ आपले बिल कंपनीला परस्पर पाठवते. आपण बाहेरून आणलेले औषध त्या बिलात नसते, त्यामुळे त्याचे पैसे आपोआप मिळत नाहीत. त्यासाठी डिस्चार्जनंतर पॉलिसीत दिलेल्या मुदतीत वेगळा क्लेम भरावा लागतो आणि त्याला कॅशलेस मंजुरीपत्राची प्रत जोडावी लागते. अनेकांना हे ठाऊकच नसल्याने ही बिले कपाटात पडून राहतात.

यातही एक पोटभेद आहे. मोतीबिंदू, हर्निया यांसारख्या शस्त्रक्रियांचे काही रुग्णालयांशी एकरकमी पॅकेज ठरलेले असते आणि त्यात बहुधा औषधे धरलेली असतात. अशा रुग्णाला चिठ्ठी देऊन बाहेर पाठवणे म्हणजे एकाच औषधाचे दोनदा पैसे घेणे. कंपनी ते बिल नाकारते, आणि नाकारते ते बरोबरच. इथे पैसे मागायचे ते इस्पितळाकडे. तेव्हा चिठ्ठी हातात पडताच ‘हे पॅकेजमध्ये नाही का?’ असे विमा विभागाच्या टेबलावर विचारावे. प्रश्न साधा आहे, पण तो विचारल्यावर चिठ्ठी पुष्कळदा परत घेतली जाते.

मग करायचे काय?

रुग्णाच्या बाजूने करण्यासारखे थोडे आहे आणि ते सोपे आहे. चिठ्ठी नाव, तारीख आणि सही असल्याशिवाय खाली न्यायची नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांची सही चालते. रात्री सही मिळाली नाही तर सकाळच्या राऊंडला घ्यावी. दुकानात चिठ्ठी देण्याआधी तिचा मोबाईलवर फोटो काढावा. बिल रुग्णाच्या नावानेच मागावे. आणि डिस्चार्जच्या दिवशी, डॉक्टर समोर असताना, बाहेरून आणलेल्या औषधांची व तपासण्यांची एक यादी करून ‘ही माझ्या सूचनेवरून, दाखल असताना वापरली’ असे लिहून सही-शिक्का घ्यावा. त्या दिवशी दोन मिनिटांत होणारे हे काम महिन्याभराने दोन फेऱ्यांत होत नाही.

पण सगळा भार रुग्णाच्या नातेवाइकावरच टाकणे हा आपल्याकडचा जुना रिवाज झाला. विमा नियामकाने २०२४ च्या परिपत्रकात, क्लेमसाठी लागणारी कागदपत्रे कंपनीने आणि टीपीएने रुग्णालयाकडून घ्यावीत, विमेदाराला त्रास देऊ नये, असे म्हटले. हेतू उत्तम. पण बाहेरच्या दुकानाचे बिल रुग्णालयाकडे असतेच कुठे? या नियमाची सावली नेमकी याच जागेवर पडत नाही. म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात.

एक, रुग्णालयाने बाहेरच्या औषधासाठी चतकोर कागद देणे बंद करावे. रुग्णाचे नाव, इनडोअर क्रमांक आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक छापलेले, अनुक्रमांक असलेले दोन प्रतींचे पुस्तक ठेवावे. एक प्रत रुग्णाला, एक केस पेपरला. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तक देताना जेवढी काळजी घेतात, तेवढी प्रतिजैविक देताना घ्यायला काय हरकत आहे? यात खर्च छपाईचा तेवढाच. तसे पाहिले तर चिठ्ठीवर रुग्णाचे नाव, तारीख, सही आणि औषधाची मात्रा असावी, हे औषध नियमांनी मुळातच सांगितलेले आहे. नवे काहीच मागायचे नाही.

दोन, उपचारतक्त्यात औषध दिल्याची नोंद असेल आणि दुकानदाराचे पक्के बिल असेल, तर निव्वळ चिठ्ठी नाही म्हणून कंपनीने रक्कम कापू नये. चिठ्ठी कशासाठी हवी असते? औषध डॉक्टरांनी सांगितले आणि रुग्णाला दिले, हे कळावे म्हणून. तक्ता हे दोन्ही सांगतो, आणि तो चिठ्ठीपेक्षा अधिक विश्वासाचा कागद आहे. कारण चिठ्ठी औषध घेण्याआधीची असते, तक्ता दिल्यानंतरचा. मोठ्या क्लेममध्ये कंपनी हा तक्ता मागवतेच. कापायच्या वेळी तो पाहायचा आणि द्यायच्या वेळी पाहायचा नाही, हा न्याय नव्हे.

तोवर, कपात अन्यायाची वाटली तर गप्प बसू नये. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मुद्देसूद पत्र द्यावे. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे व ठाणे येथे त्यांची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जावे लागते. बाराशे रुपयांसाठी कोण जाणार, असे वाटेल. कंपन्यांचाही हिशेब बहुधा तोच असतो. पण बाराशेबाराशेच्या शंभर तक्रारी एकाच कारणाने पुढे आल्या, तर ते कारण बदलावे लागेल.

आणि बदलले पाहिजे. औषध कुठल्या दुकानातून घ्यायचे हे रुग्णाने ठरवावे, असे न्यायालयापासून प्रशासनापर्यंत सारे म्हणत आहेत. त्या म्हणण्याला किंमत तेव्हाच येईल, जेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानाची पावती इस्पितळाच्या दुकानाच्या पावतीइतक्याच सहज मंजूर होईल.